चार रुपयांचं इंजेक्शन आणि दहा लाखांचा औषधसाठा : दवाखान्याच्या स्टोअरमधलं गणित नेमकं चालतं कसं?

समजा, ऑगस्टचा महिना आहे. कपाशीवर फवारणी करणाऱ्या एका शेतमजुराला विषबाधा झाली म्हणून रात्री शंभर खाटांच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाची ही लक्षणं डॉक्टर लगेच ओळखतात आणि अ‍ॅट्रोपीन मागवतात.

स्टोअरमध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या असतात. अ‍ॅट्रोपीनची मात्र एकच पेटी सापडते. चार-पाच रुपयांचं इंजेक्शन, पण ते संपलं तर माणूस जातो.

असं होऊ नये म्हणून दवाखान्याच्या औषध भांडारात एक पद्धत वापरतात. तिचं नाव ए-बी-सी आणि व्ही-ई-डी. नाव अवघड वाटतं, पण गणित किराणा दुकानदारालाही कळेल असं आहे.

आधी पैशाची बाजू

प्रत्येक औषध वर्षभरात किती लागलं, त्याला दराने गुणायचं. मग जास्त खर्चाच्या औषधापासून कमी खर्चाच्या औषधापर्यंत उतरती यादी लावायची. वरून बेरीज करत यायचं. एकूण खर्चाच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत जी औषधं येतात ती 'ए', पुढच्या २० टक्क्यांची 'बी', आणि उरलेली सगळी 'सी'.

एक छोटं उदाहरण घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून आकडे आणि दर आपण धरलेले आहेत. वर्षाचा खर्च १० लाख रुपये आणि औषधं फक्त आठ.

- सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन इंजेक्शन : ४ लाख
- सर्पदंशावरचं इंजेक्शन : ३ लाख २० हजार
- सलाईन : १ लाख ३५ हजार
- पॅरासिटामॉल : ५० हजार
- बी-कॉम्प्लेक्स गोळ्या : ४५ हजार
- खोकल्याचं सिरप : ३९ हजार
- अ‍ॅट्रोपीन : ७ हजार
- अ‍ॅड्रेनालिन : ४ हजार

पहिली दोन औषधं ७२ टक्के पैसा खातात, म्हणून ती 'ए'. सलाईन आणि पॅरासिटामॉल 'बी'. खालची चार 'सी'.

कारखान्याच्या गोदामात एवढ्यावर काम भागतं. दवाखान्यात भागत नाही. कारण या यादीत अ‍ॅट्रोपीन आणि खोकल्याचं सिरप एकाच रांगेत बसलेत. दोन्ही 'सी', म्हणजे दोन्हींकडे कमी लक्ष दिलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ निघतो.

आता जिवाची बाजू

म्हणून दुसरी चाळणी लावतात. 'व्ही' म्हणजे व्हायटल, जे नसेल तर रुग्ण दगावू शकतो. 'ई' म्हणजे इसेन्शियल, गरजेचं, पण थोडा वेळ पर्यायावर भागवता येतं. 'डी' म्हणजे डिझायरेबल, असलं तर बरं.

आपल्या यादीत सर्पदंशावरचं इंजेक्शन, सलाईन, अ‍ॅट्रोपीन आणि अ‍ॅड्रेनालिन 'व्ही' होतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि पॅरासिटामॉल 'ई'. बी-कॉम्प्लेक्स आणि सिरप 'डी'.

ही विभागणी स्टोअरकीपरने एकट्याने करायची नसते. डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट एकत्र बसतात. इथेच पहिली गडबड होते. प्रत्येक डॉक्टरला आपल्या विभागाचं औषध 'व्ही'च वाटतं, आणि निम्मी यादी 'व्ही' झाली की यादीचा उपयोगच संपतो. त्यावर उपाय म्हणजे दोनच प्रश्न विचारायचे. हे औषध तासाभरात मिळालं नाही तर जीव जाईल का? याच्या जागी चालेल असं दुसरं औषध आपल्याकडे आहे का? पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असेल तरच 'व्ही'.

दोन्ही एकत्र केल्यावर

जे औषध 'ए' आहे किंवा 'व्ही' आहे, ते पहिल्या गटात. उरलेल्यांपैकी जे 'बी' किंवा 'ई' आहे, ते दुसऱ्या गटात. जे 'सी' आणि 'डी' दोन्ही आहे, ते तिसऱ्या गटात.

अ‍ॅट्रोपीन आता थेट पहिल्या गटात गेलं आणि सिरप तिसऱ्या गटात राहिलं.

पण पहिल्या गटातल्या सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची नाही. सर्पदंशावरचं इंजेक्शन महाग आहे आणि जीव वाचवणारंही. त्याचा साठा वारंवार मोजायचा, थोडं थोडं पण वेळेवर मागवायचं. अ‍ॅट्रोपीन स्वस्त आहे. त्याचा साठा सढळ हाताने ठेवायचा, कारण जास्त ठेवण्याचा खर्च नगण्य आहे आणि कमी पडण्याची किंमत एक जीव.

सढळ म्हणजे किती?

इथे सरासरी फसवते. आपल्या उदाहरणात वर्षाला १७५० अँप्युल लागतात, म्हणजे महिन्याला साधारण १४६. मागणी केल्यापासून माल यायला दोन महिने लागतात असं धरलं, तर २९० अँप्युल उरले की नवी मागणी करायची, असं कागदावर निघतं.

पण फवारणीचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. समजा १७५० पैकी १४०० याच चार महिन्यांत लागले. म्हणजे हंगामात महिन्याला ३५० आणि एरवी जेमतेम ४४. वर्षाची १४६ ही सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही.

शिवाय एकच गंभीर रुग्ण किती औषध घेतो हेही बघावं लागतं. छातीतला स्राव कमी होईपर्यंत अ‍ॅट्रोपीनचा डोस वाढवत न्यावा लागतो. पहिल्या दिवसात तो १०० मिलिग्रॅमच्या पुढेही जाऊ शकतो. नेहमीच्या अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका माणसाला दीडशेहून जास्त अँप्युल!

म्हणून हंगामाचा हिशोब वेगळा करायचा. दोन महिन्यांचे ७०० आणि एकाच वेळी दोन गंभीर रुग्ण आले तर वरचे ४००. एकूण ११००. चार रुपये दर धरला तर २९० ऐवजी ११०० ठेवायला लागतात ३२४० रुपये. दहा लाखांच्या खर्चात ही रक्कम दिसतही नाही.

मग चुकतं कुठे?

सगळ्यात लपलेली चूक आकड्यातच असते. समजा एखादं औषध वर्षात चार महिने स्टोअरमध्ये नव्हतंच आणि उरलेल्या आठ महिन्यांत ६०० लागलं. रजिस्टर सांगतं, वर्षाचा खप ६००, म्हणजे महिन्याला ५०. खरा खप आहे ६०० भागिले ८, म्हणजे ७५. रजिस्टरवर विसंबून पुढच्या वर्षी मागणी केली की औषध पुन्हा संपतं, खप पुन्हा कमी दिसतो. तुटवडाच पुढचा तुटवडा तयार करतो. त्यामुळे बिन कार्डवर शिल्लक शून्य किती दिवस होती हे आधी बघायचं आणि मगच भागाकार करायचा.

दुसरी अडचण एक्स्पायरीची. सढळ साठा ठेवला की काही माल पडून राहतो. म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवायचं, आणि हंगाम संपल्यावर उरलेला माल मुदतीच्या काही महिने आधीच जास्त खप असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवायचा.

ही यादी एकदा केली की कायमची झाली असंही नाही. दर बदलतात, आजार बदलतात, म्हणून दरवर्षी ती नव्याने करावी लागते.

आणि सिरपचं काय? ते बंद करायचं नाही. वर्षातून एक-दोनदा मागवायचं आणि संपलं तर थोडं थांबायचं. खोकला दोन दिवस थांबू शकतो. फवारणीतून आलेला माणूस थांबू शकत नाही.