बोटात रुतलेला गळ

गळ बोटात रुतला की दुसरा हात आपोआप तो मागे ओढू लागतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. गळाच्या टोकाजवळ आतल्या बाजूला एक बारीक उलटा काटा असतो. जबड्यात अडकलेला मासा सुटू नये म्हणून तो ठेवलेला असतो, आणि माणसाच्या बोटातही तो तेच काम करतो. बोटाच्या टोकाचा मऊ भाग ही नुसती चरबी नसते. कातडीपासून हाडापर्यंत जाणाऱ्या चिवट तंतूंनी त्याचे लहान लहान कप्पे केलेले असतात. मागे ओढ बसली की उलटा काटा या तंतूंत अडकतो. आणखी जोर लावला की गळ निघत नाहीच, उलट आतलं मांस फाटतं. घरातलं ब्लेड घेऊन कातडी चिरणं त्याहून वाईट, कारण बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या टोकापर्यंत गेलेल्या असतात.

गळ काढण्याच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि या उलट्या काट्याचं काय करायचं हाच दोन्हींचा खरा प्रश्न आहे. एका रीतीत काटा तंतूंतून सोडवून गळ आल्या वाटेनं झटक्यात बाहेर काढतात. दुसरीत गळ पुढे ढकलून काटा कातडीबाहेर आणतात आणि कापून टाकतात.

समजा, खडपावर दोघे मित्र गरवायला बसले आहेत. कोलंबी लावताना गळ निसटतो आणि एकाच्या डाव्या तर्जनीच्या टोकात मऊ बाजूनं घुसतो. गळ मध्यम आकाराचा, एकाच टोकाचा आहे. उलटा काटा आत गेलाय, पण गळाचा बाक आणि दांडी बाहेर दिसते. पहिलं काम म्हणजे तंगूस कापून गळ काठीपासून मोकळा करणं, नाहीतर एखादी लाट किंवा कुणाचा पाय दोरीला लागून तो आणखी खोल जातो. मग बोट तपासायचं. टोकाच्या दोन्ही कडांना हलकेच स्पर्श केला तर कळतो का? शेवटचं पेर वाकवता आणि सरळ करता येतं का? टोकाचा रंग नेहमीसारखा गुलाबी आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर तिथं काही करायचं नाही, तसंच दवाखाना गाठायचा. आपल्या या मित्राचं तिन्ही ठीक आहे, म्हणून दोरीची रीत करून बघता येते.

ही रीत वैद्यकीय वाचकांपुढे आली ती ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकातून, 1961 साली. तिला दोरीच्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही. जाड तंगूस किंवा मजबूत सुती दोरा दुहेरी करून गळाच्या बाकाच्या मधोमध अडकवायचा आणि त्याची टोकं ओढणाऱ्यानं हाताला घट्ट गुंडाळायची. हात आणि गळ यांत साधारण एक फूट दोरी राहू द्यायची. जखमी हात तळवा वर करून सपाट दगडावर किंवा फळीवर टेकवायचा आणि बोट हलणार नाही असं धरायचं. मग गळाची दांडी, म्हणजे नेढ्याकडची बाजू, खाली कातडीकडे दाबायची. पद्धतीचा सगळा प्राण या दाबण्यात आहे, कारण त्यानेच उलटा काटा तंतूंतून सुटतो. हा दाब कायम ठेवून दोरीला एकच जोरकस झटका द्यायचा. झटका दांडीला समांतर आणि नेढ्याच्या उलट दिशेला हवा. वर उचलत दिला तर गळ पुन्हा अडकतो. कचरत हळूहळू ओढलं तर दुखतं आणि काम होत नाही.

नीट जमलं तर भूल न देताही हे सहन होण्याजोगं असतं, आणि नवी जखम होत नाही. मात्र सुटलेला गळ वेगानं उडतो. म्हणून दोघांच्या डोळ्यांवर चष्मा हवा आणि ओढण्याच्या दिशेला कुणीही उभं नको. एका झटक्यात निघाला नाही तर तिथंच थांबावं. पुनःपुन्हा झटके देणं म्हणजे आतलं मांस पुनःपुन्हा फाडणं. कानाच्या पाळीसारख्या लुळ्या जागी ही रीत चालत नाही, कारण तिथं आधार मिळत नाही. लूरला असतो तसा तीन टोकांचा गळ असेल तर मोकळी टोकं आधी चिकटपट्टीनं झाकावीत किंवा कापावीत, नाहीतर झटक्यात तीच दुसरीकडे घुसतात.

कधी गळ इतका वळून गेलेला असतो की त्याचं टोक पलीकडच्या कातडीखाली टोचताना जाणवतं. तेव्हा पुढे ढकलण्याची रीत योग्य, पण ती दवाखान्यातच व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. भूल न देता बोटातून लोखंड पुढे रेटणं असह्य असतं, माणूस हात मागे खेचतो आणि टोक भलतीकडे जातं. डॉक्टर आधी स्पर्श तपासतात, कारण भूल दिल्यावर नस शाबूत आहे की नाही हे कळत नाही. मग बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन देतात. काही मिनिटांत बोट बधिर झालं की गळ त्याच्याच बाकाच्या वळणानं पुढे सरकवून टोक आणि उलटा काटा कातडीबाहेर काढतात, कटरनं तो भाग तोडतात आणि उरलेला गळ आल्या वाटेनं मागे घेतात. तोडताना टोक उडू नये म्हणून त्यावर गॉज धरतात. दांडीवरही काटे असलेला गळ असेल तर नेढं तोडून सगळा गळ पुढूनच ओढून घेतात. ही रीत बहुतेक कधी फसत नाही. तोटा एवढाच की एका छिद्राची दोन होतात.

गळ निघाल्यावर टोक आणि काटा दोन्ही शाबूत आहेत का हे पाहावं. तुकडा आत राहिल्याची शंका आली तर एक्स-रे काढावा लागतो. जखम साबण आणि वाहत्या स्वच्छ पाण्यानं काही मिनिटं धुवावी आणि हलकी पट्टी बांधावी. टाके घालायचे नसतात. आमिषाचा गळ ही अस्वच्छ जखम आहे, म्हणून धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल तर गळ सहज निघाला तरी दवाखान्यात जाऊन ते घ्यावं.

काही वेळा मात्र गळाला हातही लावू नये. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ घुसलेला गळ ओढायचा नाही, दाबायचा नाही. त्यावर कागदी पेला उपडा ठेवून थेट नेत्ररुग्णालयात जायचं. चेहरा, मान, सांधा, नखाखालची जागा, खूप खोल रुतलेला गळ, न थांबणारं रक्त, हेही डॉक्टरांचंच काम. मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी छोट्या जखमेसाठीही दाखवावं. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातले काही जंतू अशा शरीरात फार झपाट्यानं पसरतात.

पुढचे दोन-तीन दिवस बोटावर लक्ष असू द्या. लाली आणि ठणका वाढत गेला, पू दिसला, ताप आला तर थांबू नका. सगळं बोट सुजलं, ते किंचित वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर जंतू स्नायूबंधाच्या आवरणात शिरल्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी रुग्णालयात जावं. आणखी एक जंतू खूप संथ असतो. जखम भरल्यावर कित्येक आठवड्यांनी तिथं न दुखणारी गाठ येते आणि नेहमीच्या औषधांनी जात नाही. अशा वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा की इथं माशाचा गळ लागला होता, आणि पाणी खारं होतं की गोडं. ते कळलं तरच ते योग्य तपासणी करून घेतील.