उद्या अकराला फोन येईल

“उद्या सकाळी ११ वाजता याच नंबरवरून फोन करते, वीसेक मिनिटं लागतील.” एचआरचा असा मेसेज आदल्या दिवशी आला, की नंबर लगेच सेव्ह करावा. नाहीतर अनोळखी म्हणून आपणच फोन कापतो. सध्याचं काम, पगार, अपेक्षा, नोटीस पीरियड हे विषयही मेसेजमध्ये असतात. गाडी अडते ती बहुतेकदा शेवटच्यावर. नोटीस ९० दिवसांची आणि त्यांना माणूस महिन्याभरात हवा, तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे नेमणूकपत्रात आदल्या रात्रीच पाहावं. “बघून सांगतो” हे उत्तर इथे महागात पडतं. आणि फोनवर कुणी नोंदणीचे पैसे किंवा ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवून द्या.