मध्येच भाडेवाढ? उत्तर लेखीच द्या

समजा, पुण्यात तुम्ही 1 एप्रिलपासून अकरा महिन्यांसाठी फ्लॅट घेतला आहे. भाडे 20,000, डिपॉझिट 60,000 आणि लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवलेला. ऑगस्टमध्ये घरमालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: ‘सप्टेंबरपासून 23,000 द्या, आजूबाजूचे रेट वाढलेत.’

आधी करार काढा आणि भाडे, मुदत व नोटीस ही तीन कलमे वाचा. बऱ्याच करारांत वाढ नूतनीकरणाच्या वेळी लिहिलेली असते. मुदतीच्या आत वाढीची तरतूद नसेल, तर एकट्या मालकाला भाडे बदलता येत नाही. दोघांची संमती लागते. करार नोंदणीकृत असेल, तर ‘आमचं तोंडी ठरलं होतं’ हा दावाही सहसा टिकत नाही, कारण नोंदवलेल्या कराराच्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्याचे सिद्ध करू देण्यास पुराव्याचा कायदा आडकाठी करतो. महाराष्ट्रात करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे.

फोनवर वाद घालण्यापेक्षा चार ओळी लिहा:

‘आपल्या नोंदणीकृत कराराप्रमाणे मासिक भाडे 20,000 रुपये असून मुदत 28 फेब्रुवारीपर्यंत आहे. मुदतीत भाडेवाढीची तरतूद करारात नाही. त्यामुळे सप्टेंबरपासून 23,000 रुपयांची आपली मागणी मला मान्य नाही. ठरलेले भाडे मी दरमहा वेळेवर भरत राहीन.’

पत्रावर तारीख व कराराचा नोंदणी क्रमांक घाला. ते ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. वाढीव भाड्याच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवू नका. पुढे तीच संमती म्हणून दाखवली जाऊ शकते. एखादा महिना 23,000 भरले, तरी तोच धोका.

भाडे मात्र एक दिवसही चुकवू नका. रागाने ते रोखलेत, तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. रक्कम बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात ‘सप्टेंबरचे भाडे’ लिहा.

या पत्राला एक मर्यादा आहे. करारात लॉक-इन नसेल आणि एक महिन्याच्या नोटिशीचे कलम असेल, तर मालक नोटीस देऊन घर रिकामे करायला सांगू शकतात. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी हे कलम पुन्हा वाचा; घर सोडणे परवडणारे नसेल, तर पुढच्या कराराची वाढ आताच बोलून घेणे शहाणपणाचे.

पण नोटीस मिळाली तरी नोटिशीची मुदत संपेपर्यंतचे भाडे 20,000 च राहते. तुम्ही गप्प राहिलात, तर सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या सहा महिन्यांचे 18,000 रुपये ‘थकबाकी’ म्हणून डिपॉझिटमधून कापले जाण्याची भीती असते. त्या वेळी ऑगस्टमधले ते पत्रच तुमच्या बाजूने बोलेल.