क्षितिज किती किलोमीटरवर?

जुहूच्या वाळूत, पाण्याच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाला समोरचं क्षितिज किती लांब असेल असं विचारलं, तर उत्तरं पन्नास किलोमीटरपासून शंभरापर्यंत कुठंही जातात. प्रत्यक्षात ते पाच किलोमीटरवरही नसतं. पाण्यावरून चालता आलं असतं, तर तासाभरात माणूस तिथं पोचला असता.

हे अंतर काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो. पृथ्वीच्या केंद्रापासून क्षितिजाच्या बिंदूपर्यंत एक रेघ ओढायची, केंद्रापासून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत दुसरी, आणि डोळ्यापासून क्षितिजापर्यंत तिसरी. ही तिसरी रेघ म्हणजे आपली नजर. ती समुद्राच्या फुगीर पृष्ठाला फक्त स्पर्श करून पुढं जाते, म्हणून स्पर्शाच्या जागी काटकोन होतो. पहिली रेघ पृथ्वीच्या त्रिज्येएवढी, म्हणजे 6371 किलोमीटर. दुसरी त्रिज्या अधिक डोळ्याची उंची. नजरेच्या लांबीचा वर्ग हा या दोघींच्या वर्गांमधला फरक. तो सोडवला की दोन पदं उरतात: पृथ्वीचा व्यास गुणिले उंची, आणि उंचीचा वर्ग. दुसरं पद इतकं क्षुल्लक असतं की खुशाल सोडून द्यावं. व्यास आहे 12,742 किलोमीटर. उंची मीटरमध्ये घेतली की हजारानं भागावं लागतं आणि 12.742 उरतात. त्यांना सरळ 13 म्हणू.

d = √(13 × h)

इथं h म्हणजे पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये, आणि d म्हणजे क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये. डोळे 1.6 मीटरवर असतील तर 13 गुणिले 1.6 म्हणजे 20.8, आणि त्याचं वर्गमूळ साधारण साडेचार किलोमीटर.

मात्र हे गणित हवा नसलेल्या पृथ्वीचं झालं. खऱ्या पृथ्वीवर समुद्रालगतची हवा दाट असते आणि वर जावं तशी विरळ होते. त्यामुळं आडवा जाणारा प्रकाश किंचित खाली वाकतो, पृथ्वीच्या बाकाच्या दिशेनंच, आणि नजर थोडी पलीकडे पोचते. सर्वसाधारण हवामानात हा परिणाम सूत्रात मिसळायचा सोपा मार्ग म्हणजे 13 च्या जागी 15 घ्यायचे. मग वाळूतल्या माणसाचं क्षितिज 24 च्या वर्गमुळाइतकं, 4.9 किलोमीटरवर जातं. यापुढं 15 चाच आकडा वापरू. त्यात एक गंमतही आहे: डोळा 15 मीटरवर असेल तर क्षितिज बरोबर 15 किलोमीटरवर येतं. 60 मीटरवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या एखाद्या टॉवरच्या विसाव्या मजल्याच्या आसपास, ते 30 किलोमीटरवर जातं, आणि 240 मीटरवर 60 किलोमीटर. दर वेळी उंची चौपट आणि अंतर मात्र दुप्पट. वर्गमूळ असं कंजूष असतं. पहिल्या काही मीटरांत ते भरभरून देतं, नंतर हात आखडता घेतं. दहाव्या मजल्यावरून विसाव्यावर घर घेणाऱ्याला ‘सी व्ह्यू’साठी जे जादा पैसे मोजावे लागतात, त्यांचा आणि वाढलेल्या अंतराचा मेळ म्हणूनच बसत नाही.

क्षितिजावर कुणी पाटी लावलेली नसते, तेव्हा हे आकडे पडताळायचे कसे? त्यासाठी जहाज उपयोगी पडतं. किनाऱ्यापासून 20 किलोमीटरवर एक मालवाहू जहाज आहे असं धरू. वाळूतल्या माणसाचं क्षितिज 4.9 किलोमीटरवर संपलं. त्यापुढं जहाजापर्यंत 15.1 किलोमीटर उरतात. आता तेच सूत्र उलटं चालवायचं: 15.1 चा वर्ग 228, भागिले 15, म्हणजे सुमारे 15 मीटर. जहाजाचा पाण्यालगतचा 15 मीटरचा भाग समुद्राच्या फुगवट्याआड गेला आहे. दिसते ती वरची कंटेनरची रास, डेकवरची इमारत आणि धुरांडं. दुर्बीण लावली तर हे सगळं मोठं दिसेल, पण झाकलेलं एक मीटरही उघडं पडणार नाही. जहाज नुसतं लांब गेल्यामुळं पुसट झालं असतं, तर दुर्बिणीनं ते आख्खं परत आणलं असतं.

आता तोच माणूस जवळच्या किल्ल्याच्या तटावर चढला आणि त्याचे डोळे पाण्यापासून 15 मीटरवर आले. त्याचं क्षितिज 15 किलोमीटरवर सरकलं. उरले पाच, त्यांचा वर्ग 25, भागिले 15, म्हणजे पावणेदोन मीटरही नाही. चार-पाच मिनिटांच्या चढणीत जवळजवळ पूर्ण जहाज पाण्याबाहेर येतं. कोकणात समुद्राकाठी तटबंद्यांची वाण नाही, त्यामुळं स्वच्छ हवेच्या दिवशी हा प्रयोग कुणालाही करता येईल.

उंची कशापासून मोजायची, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ती मोजायची नजर जिथं टेकते त्या पाण्यापासून. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरांचा फरक सहज पडतो. धक्क्यावर उभ्या माणसाचे डोळे भरतीला पाण्यापासून 2.6 मीटरवर असतील, तर क्षितिज सव्वासहा किलोमीटरवर असतं. सहा-एक तासांनी ओहोटीला तो त्याच जागी उभा राहिला, तरी त्याचं क्षितिज दहा किलोमीटरवर गेलेलं असतं. आणि जमिनीवर हे सूत्र फारसं कामाचं नाही. कळसूबाईची 1646 मीटर ही उंची समुद्रसपाटीपासूनची. सूत्र तिथून 157 किलोमीटर सांगेल. पण भोवतालचा मुलूखच मुळात उंचावर आहे, नजर मधल्या डोंगरांना अडते, आणि त्याआधी हवेतली धूळ आणि बाष्पच तिला थांबवतात.

पंधराचा आकडाही नेहमी भरवशाचा नसतो. इंग्लंडमध्ये या आकड्यानं एक मोठा झगडा लावून दिला. केंब्रिजच्या उत्तरेला सपाट पाणथळ प्रदेशात ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा सहा मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटरहून थोडा जास्त, सरळ रेषेत जातो. 1838 मध्ये सॅम्युअल रोबॉथम हा गृहस्थ त्या पाण्यात उतरला आणि पाण्यापासून जेमतेम आठ इंचांवर दुर्बीण धरून लांब जाणारी एक होडी पाहत राहिला. होडीवरचं निशाण पाण्यापासून पाच फुटांवर होतं. सूत्राप्रमाणं सहा मैलांवर होडीच्या बाजूचा चार मीटरहून जास्त भाग झाकला जायला हवा होता, म्हणजे निशाणासकट सगळी होडी. रोबॉथमला ती शेवटपर्यंत दिसत राहिली. पृथ्वी सपाट असल्याचा पुरावा सापडला, असं त्यानं जाहीर केलं.

त्याचे अनुयायी वाढले. 1870 मध्ये त्यांच्यापैकी जॉन हॅम्पडन यानं पाचशे पौंडांची पैज लावली, आणि ती आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वीकारली. हेच ते वॉलेस, ज्यांनी डार्विनशी समांतर उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला होता. त्याआधी त्यांनी जमीन मोजणीचं काम केलेलं होतं आणि रोबॉथमची गफलत त्यांना कळत होती. पाण्याला चिकटलेल्या हवेच्या थरांत तापमान इंचाइंचाला बदलू शकतं. पाणी गार आणि वरची हवा उबदार असली की प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाकतो, कधी कधी पृथ्वीच्या बाकाइतकाच. मग गोल पृष्ठही सपाट भासतं. वॉलेस यांनी आपली सगळी मापं या थराच्या वर उचलली. दुर्बीण एका टोकाच्या पुलावर, पाण्यापासून सुमारे तेरा फुटांवर. दुसऱ्या टोकाच्या पुलावर त्याच उंचीवर काळा पट्टा, आणि मधोमध, तीन मैलांवर, एका खांबावर तेवढ्याच उंचीवर तबकडी. पाणी सपाट असतं तर दुर्बिणीतून तबकडी आणि पट्टा एका पातळीत दिसले असते. मधली तबकडी स्पष्टपणे वर दिसली. गणितानं मधला फुगवटा सहा फुटांचा येतो, आणि प्रकाशाच्या वाकण्यानं तो थोडा कमी दिसतो.

पंचानं निकाल वॉलेस यांच्या बाजूनं दिला. हॅम्पडननं तो मानला नाही आणि पुढं कित्येक वर्षं बदनामीकारक पत्रं पाठवून वॉलेस यांना छळलं. त्यापायी त्याला तुरुंगवासही झाला. कोर्टानं पुढं पैजेचा करारच कायद्याला मान्य नसल्याचं ठरवलं, तेव्हा वॉलेस यांना जिंकलेली रक्कमही सोडावी लागली. आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं, असं मानणाऱ्याशी पैज लावू नये, एवढं त्यांना महागात शिकावं लागलं.

ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना हे गणित रोज लागतं, ते दीपस्तंभामुळं. दिवा उंचावर आणि खलाशीही थोडा उंचावर, म्हणजे क्षितिजं दोन झाली, आणि त्यांची अंतरं मिळवायची. दिवा पाण्यापासून 60 मीटरवर असेल तर त्याचं क्षितिज 30 किलोमीटरवर. लहान बोटीवर उभ्या माणसाचे डोळे 2.4 मीटरवर असतील तर त्याचं सहा किलोमीटरवर. बेरीज 36 किलोमीटर, म्हणजे साधारण साडेएकोणीस सागरी मैल. याच्या पलीकडे दिवा कितीही प्रखर केला तरी थेट दिसणार नाही. त्याचा उजेड तेवढा क्षितिजामागच्या हवेत पसरलेला दिसतो. अंधाऱ्या रात्री दिव्याच्या आधी हा उजेडच नजरेला पडतो, आणि तोच दिवा समजून अंतर मोजलं तर हिशेब चुकतो. उलट दिवा मुळात मंद असेल किंवा हवा धूसर असेल, तर 36 किलोमीटरच्या कितीतरी आत येईपर्यंत तो दिसतच नाही. म्हणून दिव्यांच्या याद्यांमध्ये त्याच्या प्रकाशाचा पल्ला वेगळा दिलेला असतो. उंचीनं ठरणारा आणि प्रकाशानं ठरणारा, या दोन पल्ल्यांपैकी जो कमी तोच खरा.

दिवा नुकताच क्षितिजावर आला आहे की बराच आधीपासून तिथं आहे, हे ओळखायला खलाश्यांची एक साधी युक्ती आहे. दिवा दिसला की डेकवर खाली बसायचं. डोळे 2.4 मीटरवरून दीड मीटरवर आले की आपलं क्षितिज सहावरून पावणेपाच किलोमीटरवर येतं. बसल्यावर दिवा गेला आणि उठल्यावर परत आला, तर बोट नेमकी त्या सीमेवर आहे. दिव्याची उंची नकाशावर छापलेली असते, स्वतःची माहीत असते, म्हणजे दीपस्तंभापासूनचं अंतर हातात आलं. होकायंत्रावर त्याची दिशा घेतली की नकाशावर आपली जागा मिळते. एका दिव्यावर, एका नजरेत. ओहोटी असेल तर या अंतरात थोडी भर घालावी लागते, कारण नकाशावरची दिव्याची उंची उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून मोजलेली असते. पाणी चार मीटर खाली गेलं की 60 चा दिवा 64 मीटरवर येतो, आणि किलोमीटरभर आधी दिसतो.