फोटोचं वर्णन करणारी अ‍ॅप्स: अंध वापरकर्त्यासाठी कोणती चूक सर्वांत घातक?

फोनचा कॅमेरा समोर धरायचा, फोटो काढायचा आणि त्यात काय आहे ते ऐकायचं. अंध व्यक्तींसाठी ही सोय आता नवी राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' २०१७ मध्ये आलं, गुगलचं 'लुकआउट' २०१९ मध्ये. 'बी माय आईज' या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अ‍ॅपवर सुरुवातीला डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून मदत करायचे. २०२३ मध्ये त्यात फोटोचं सविस्तर वर्णन करणारा एआय सहायकही जोडला गेला. पत्र वाचणं, कपड्यांचा रंग ओळखणं, फ्रीजमधला डबा कसला आहे ते पाहणं, अशा कामांसाठी ही अ‍ॅप्स रोज वापरली जातात.

ही अ‍ॅप्स चुकतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. मात्र 'किती वेळा चुकतात' या प्रश्नाच्या उत्तरातून फारसं काही कळत नाही. भिंत पांढरी असताना 'फिकट पिवळी' म्हणणं आणि २ मिलिग्रॅमची गोळी '१ मिलिग्रॅम' म्हणून वाचणं, या दोन्ही चुका मोजणीत एकेकच भरतात. त्यांतला फरक समजण्यासाठी घराघरांत असणारी एक वस्तू घेऊ: गोळ्यांची स्ट्रिप.

एक स्ट्रिप, चार चुका

समजा, एका अंध गृहस्थांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. हे औषध १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्येही मिळतं. ड्रॉवरमध्ये एक सुटी स्ट्रिप हाताला लागते. ते तिचा फोटो काढून अ‍ॅपला विचारतात. उत्तर येतं: 'ही चंदेरी स्ट्रिप आहे, तिच्यावर निळी अक्षरं आहेत. तिच्यात दहा गोळ्या आहेत. ग्लिमेपिराइड, १ मिलिग्रॅम. मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत.'

प्रत्यक्षात अक्षरं हिरवी आहेत. गोळ्या आठच उरल्या आहेत. स्ट्रिप २ मिलिग्रॅमची आहे. मुदतीची तारीख तर फोटोत आलेलीच नाही, कारण मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून दिली आणि तारखेचा तुकडा त्याच्याकडेच राहिला.

अक्षरांचा रंग चुकल्याने काही बिघडलं नाही, कारण रंग पाहून ते गोळी घेणार नव्हते. गोळ्यांची संख्या चुकली, पण ती बोटांनी फुगवटे मोजून लगेच कळते. उरलेल्या दोन चुका मात्र बोटांना कळत नाहीत. १ आणि २ मिलिग्रॅमच्या गोळ्या आकाराने सारख्या असू शकतात आणि सपाट छापलेला आकडा स्पर्शाला लागत नाही. शिवाय ऐकलेलं उत्तर अपेक्षेशी जुळतं. आपल्याला १ मिलिग्रॅमचीच गोळी दिली आहे, हे त्यांना माहीत आहे. त्यामुळे शंका यायला जागाच उरत नाही. दुप्पट मात्रा गेली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ, पुढे बेशुद्धी असा तो क्रम असतो.

यातून चुका तोलण्याचे तीन प्रश्न मिळतात. या माहितीवर माणूस काही कृती करणार आहे का? चूक झाली तर ती त्याला स्पर्श, वास किंवा आधीच्या माहितीवरून पकडता येईल का? आणि कृती झाल्यावर ती मागे घेता येते का? कृती होणार, चूक पकडता येत नाही आणि परिणाम उलटवता येत नाही, हे तिन्ही एकत्र आलं की ती चूक सर्वांत घातक.

चुकीची दिशाही महत्त्वाची असते. चांगल्या औषधाची मुदत संपली असं अ‍ॅपने सांगितलं तर एक स्ट्रिप वाया जाते. मुदत संपलेलं औषध चांगलं आहे असं सांगितलं तर ते पोटात जातं. पहिली चूक पैशांची, दुसरी तब्येतीची.

चूक ऐकताना चूक वाटत का नाही?

जुनं अक्षर-वाचन तंत्र, म्हणजे ओसीआर, एकेक अक्षर ओळखतं. अक्षर पुसट असलं किंवा चंदेरी कागदावर प्रकाश चमकला की त्यातून बहुतेकदा अर्थहीन अक्षरांची खिचडी बाहेर पडते. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की फोटो बिघडला आहे. तो स्ट्रिप तिरकी करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो.

वर्णन लिहिणारी नवी मॉडेल्स वेगळ्या रीतीने काम करतात. ती चित्रावरून पुढचा सर्वांत संभाव्य शब्द निवडत वाक्य तयार करतात. अक्षर अस्पष्ट दिसलं की त्यांचा कल नेहमी आढळणाऱ्या शब्दाकडे किंवा आकड्याकडे झुकतो. औषधाच्या स्ट्रिपवर मुदत असतेच, म्हणून ती फोटोत नसतानाही वर्णनात येऊ शकते. उत्तर खरं असो वा रचलेलं, वाक्य तितकंच सफाईदार असतं. खिचडीतून मिळणारी धोक्याची सूचना इथे नाहीशी होते.

माणसाचा स्वभावही यात भर घालतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंध व्यक्तींना ट्विटरवरच्या फोटोंची संगणकाने केलेली वर्णनं ऐकवली होती. काही वर्णनं ट्वीटच्या मजकुराशी अजिबात जुळत नव्हती. तरीही अनेकांनी वर्णनावर विश्वास ठेवला आणि दोन्हींचा मेळ बसेल असं स्पष्टीकरण स्वतःच रचलं. वर्णनात 'हे चुकीचं असू शकतं' अशा अंगाने शंका मांडली, तेव्हा मात्र लोक सावध झाले.

गुणपत्रिकेत हे का दिसत नाही?

वर्णन करणाऱ्या मॉडेलची परीक्षा घेण्याची एक प्रचलित पद्धत अशी: माणसांनी लिहिलेली वर्णनं घ्यायची आणि मॉडेलच्या वर्णनातले शब्द त्यांच्याशी किती जुळतात ते मोजायचं. वीस शब्दांच्या वर्णनात १ ऐवजी २ आलं तर एकोणीस शब्द जुळतात आणि गुण चांगले पडतात. औषध घेणाऱ्याला मात्र तो एकच शब्द हवा होता.

दुसरी अडचण फोटोंची. चाचणीतले बरेचसे फोटो डोळस लोकांनी नीट चौकट धरून काढलेले असतात. अंध व्यक्तीने काढलेल्या फोटोत वस्तू अर्धी कापलेली, उलटी, अंधारात किंवा हललेली असू शकते. म्हणूनच 'विझविझ' हा संग्रह वेगळा ठरतो. त्यात अंध व्यक्तींनी स्वतः काढलेले फोटो आणि त्यांनी विचारलेले खरे प्रश्न आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्या फोटोवरून देताच येत नाही. अशा वेळी 'या फोटोत तारीख दिसत नाही' हे सर्वोत्तम उत्तर असतं. ते न देता काहीतरी सांगून मोकळं होणं ही गंभीर चूक आहे.

गप्प बसणारं साधन कधी बरं?

याउलट उदाहरण म्हणजे क्यूआर कोड. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असते. क्यूआर कोडमध्ये चुका तपासणारी गणिती रचना आतच असते. कोड थोडा खराब झाला तरी माहिती भरून काढता येते. फार खराब झाला तर तो वाचलाच जात नाही. २ च्या जागी १ असं भलतंच वाचलं जाण्याची शक्यता नगण्य असते. मर्यादा अशी की यादीबाहेरच्या औषधांवर हे बंधन नाही, स्ट्रिपवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर असतो आणि कापलेल्या स्ट्रिपसोबत खोकं येत नाही.

खात्री कशी करायची?

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे दुसरा फोटो. त्याच फोटोवर पुन्हा विचारून उपयोग नाही, कारण जी चमक किंवा कापलेली कड पहिल्यांदा आड आली ती दुसऱ्यांदाही तिथेच असते. स्ट्रिप उलटी करून, वेगळ्या प्रकाशात आणि थोड्या अंतरावरून नवा फोटो काढावा. छापील बाजू बहुधा सपाट कागदाची असते, म्हणजे फुगवट्यांच्या विरुद्ध बाजूची. आकडा दोन्ही वेळा वेगळा आला तर दोन्ही उत्तरं बाजूला ठेवावीत. एकच आला तरी तो फक्त अधिक विश्वासार्ह ठरतो, पक्का नव्हे. शक्य असेल तर एकदा वर्णन करणारं अ‍ॅप वापरावं आणि एकदा केवळ मजकूर वाचणारं. दोन्ही वेगळ्या पद्धतीने काम करत असल्याने ती एकाच जागी सारखंच चुकण्याची शक्यता कमी असते.

प्रश्न कसा विचारतो यानेही फरक पडतो. 'ही १ मिलिग्रॅमची गोळी आहे ना?' असं विचारलं तर मॉडेल होकाराकडे झुकू शकतं. त्याऐवजी 'फोटोत दिसणारा मजकूर जसाच्या तसा सांग, जे दिसत नाही ते दिसत नाही म्हण' असं विचारावं. 'स्ट्रिपच्या चारही कडा फोटोत आल्या आहेत का?' हा प्रश्नही विचारावा. कड कापली गेली असेल तर तारखेबद्दलच्या कोणत्याही उत्तराला अर्थ नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द अ‍ॅपचा नसावा. 'बी माय आईज'नेही आपला एआय सहायक औषधाची चिठ्ठी वाचणं, अ‍ॅलर्जीसाठी घटकपदार्थ तपासणं आणि रस्ता ओलांडणं यांसाठी वापरू नये, असं वापरकर्त्यांना बजावलं होतं. याच कामांत चूक पकडता येत नाही आणि परिणामही मागे घेता येत नाही. अशा वेळी स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल करावा किंवा मेडिकलवाल्याला विचारावं. स्ट्रिप घेतानाच त्याला तारखेचा तुकडा कापू नका असं सांगावं, मात्रा आणि मुदत मोठ्याने वाचून घ्यावी आणि घरी आल्यावर त्या स्ट्रिपला ठरलेल्या संख्येने रबरबँड लावावेत किंवा ब्रेलची पट्टी चिकटवावी. मग रात्री गोळी घेताना बोटांना तो रबरबँड लागला की पुरे, फोटो काढायची गरज पडत नाही.