बहुपदीची मुळे मॅट्रिक्सच्या पोटात

वर्गसमीकरणाचे सूत्र शाळेत सगळेच पाठ करतात. पाचव्या घाताच्या समीकरणाला मात्र वर्गमूळ-घनमूळ काढून सुटेल असे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले. मग संगणक अशी मुळे काढतो कशी? नमपाय या लोकप्रिय गणिती लायब्ररीत एवढे लिहिले की उत्तर येते:

```
np.roots([1, -6, 11, -6])
```

ही बहुपदी आहे x³ − ६x² + ११x − ६, आणि तिची मुळे १, २ आणि ३. पण आत बहुपदी सोडवलीच जात नाही. तिच्या सहगुणकांतून एक मॅट्रिक्स तयार होते आणि त्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढली जातात. हीच कंपॅनियन मॅट्रिक्स. तिची एक मांडणी अशी: वरची ओळ ०, १, ०, मधली ०, ०, १, खालची ६, −११, ६. खालच्या ओळीत बहुपदीचेच सहगुणक आहेत, चिन्ह बदलून आणि उलट्या क्रमाने.

या मॅट्रिक्सने (a, b, c) या सदिशाला गुणले, तर b वर सरकतो, c त्याच्या जागी येतो आणि शेवटी ६a − ११b + ६c ही नवी संख्या बसते. आता (१, २, ४) घ्या. वर २ आणि ४ येतात. खाली ६ − २२ + २४ म्हणजे ८. उत्तर (२, ४, ८), मूळ सदिशाची बरोब्बर दुप्पट. म्हणून २ हे आयगेनमूल्य. (१, ४, १६) घेतला तर शेवटी ६४ हवे असताना ५८ येतात. सहाचा फरक पडतो, आणि बहुपदीत x = ४ घातल्यावर येणारी किंमतही सहाच! ती किंमत शून्य असेल तरच गणित जुळते.

उलट बाजूनेही पाहू. एखादा शून्येतर सदिश या मॅट्रिक्समुळे t पट झाला, तर पहिल्या दोन ओळींमुळे b = ta आणि c = t²a हे ठरूनच जाते. a शून्य असता तर सगळा सदिशच शून्य झाला असता. म्हणून a ने भागता येते. तसे केले की तिसरी ओळ सांगते: t³ − ६t² + ११t − ६ = ०. म्हणजे मुळांखेरीज दुसरे आयगेनमूल्य शक्यच नाही. घात कितीही असो, हाच युक्तिवाद चालतो.

अडचण येते ती पुनरावृत्त मुळांशी. (x − २)³ मध्ये २ हे मूळ तीनदा येते. शेवटच्या सहगुणकात १०⁻¹⁵ एवढा फरक पडला, तर मुळे त्याच्या घनमुळाएवढी, म्हणजे १०⁻⁵ ने हलतात. संगणकाच्या अंकगणितात एवढा फरक नेहमीचाच. म्हणून उत्तरात एकाच संख्येभोवती दाटीने बसलेली, किंचित काल्पनिक भाग असलेली मुळे दिसली, तर त्यांना वेगवेगळी मुळे मानण्याआधी बहुपदीला तिच्या अवकलजाशी सामाईक अवयव आहे का, ते तपासून घ्या.