बारावी आणि सीईटी: धडा एकच, मग अभ्यास दोनदा कशाला?

कळमना बाजारात धान्याच्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या एका मुनिमांची मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला क्लास. तिच्या टेबलावर फिजिक्सच्या दोन वह्या होत्या, एक ‘बोर्ड’ची आणि एक ‘सीईटी’ची. दोन्हींत पहिला धडा रोटेशनल डायनॅमिक्स. कॉलेजात तो जूनमध्ये झाला, क्लासमध्ये ऑगस्टमध्ये, आणि तिने दोन्ही वेळा तो पहिल्यापासून लिहून काढला. मला वह्या दाखवत ती म्हणाली, “दादा, धडा तर एकच हाये, मंग मी दोनदा कायले लिहून राहिली?”

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी देणाऱ्या बहुतेक मुलांचा हाच घोळ होतो. तो कसा टाळायचा, ते पाहू.

अभ्यासक्रम किती सारखा आहे?

सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात, प्रत्येकी एका गुणाचे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. एकूण २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. यातला साधारण ८० टक्के भाग राज्य मंडळाच्या बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. म्हणजे सुमारे १६० गुणांचा अभ्यासक्रम तोच आहे, जो फेब्रुवारीत बोर्डाला लिहायचा आहे.

फरक आहे तो वेळेचा आणि उत्तराच्या रूपाचा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला १०८ सेकंद. बोर्डाच्या ७० गुणांच्या फिजिक्स पेपरला मात्र तीन तास मिळतात आणि तिथे पायऱ्यांना गुण असतात. ‘दोन अभ्यास’ हा समज या फरकातून येतो. खरं तर अभ्यास एकच आहे, तो तपासायच्या पद्धती दोन आहेत.

एक डेरिव्हेशन, दोन्ही पेपर

तिच्याच धड्यातलं उदाहरण घेऊ. घरंगळणाऱ्या वस्तूची एकूण गतिज ऊर्जा काढा, असा प्रश्न बोर्डाला तीन गुणांना येऊ शकतो. वस्तू पुढे सरकते आणि फिरतेही, म्हणून दोन ऊर्जांची बेरीज करायची:

½Mv² + ½Iω²

यात I = MK² आणि ω = v/R ठेवलं की उत्तर मिळतं:

½Mv²(1 + K²/R²)

कंसातला 1 म्हणजे सरकण्याचा वाटा आणि K²/R² म्हणजे फिरण्याचा वाटा. हे वाक्य डेरिव्हेशनखाली त्याच वहीत लिहून ठेवा, कारण सीईटीचे प्रश्न इथूनच निघतात. भरीव गोलासाठी K²/R² ची किंमत 2/5 असते, चकतीसाठी 1/2 आणि कड्यासाठी 1. आता ‘भरीव गोलाच्या एकूण ऊर्जेपैकी फिरण्याची ऊर्जा किती?’ असं विचारलं, तर 2/5 ला 7/5 ने भागायचं. उत्तर 2/7. चकतीसाठी तेच 1/3 आणि कड्यासाठी 1/2. उतारावरून कोण आधी खाली येईल, या प्रश्नातही हाच कंस आहे. त्वरण g sinθ ला (1 + K²/R²) ने भागून मिळतं, म्हणून गोल पहिला आणि कडं शेवटी.

आता गंमत बघा. प्रश्नात ‘एकूण ऊर्जेशी’ऐवजी ‘सरकण्याच्या ऊर्जेशी’ गुणोत्तर विचारलं, तर उत्तर 2/5 होतं. अशा प्रश्नात 2/5 आणि 2/7 हे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी असू शकतात. ज्याने 2/7 नुसतं पाठ केलंय तो इथे फसतो. ज्याने बोर्डासाठी डेरिव्हेशन हाताने लिहिलंय, त्याला कुठला वाटा विचारलाय ते लगेच दिसतं. ‘सीईटीला डेरिव्हेशन लागत नाही’ हा सल्ला मीही बारावीत ऐकला होता आणि पाळलाही होता. प्रिलिमला त्याची किंमत मोजली.

उलट दिशेनेही फायदा आहे. बोर्डाच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरात प्रत्येकी १० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न असतात, गणितात १६ गुणांचे. सीईटीचा सराव तिथे थेट कामी येतो.

म्हणून क्रम असा ठेवा: धडा पाठ्यपुस्तकातून एकदाच वाचायचा. पुस्तक मिटून त्यातली डेरिव्हेशन्स आणि दोन-तीन मोठी गणितं लिहायची. त्याच आठवड्यात त्या धड्याचे २० बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे, फिजिक्सचे असतील तर १८ मिनिटांत. जे चुकले ते पुन्हा वेळ न लावता करून बघायचे. वेळ मिळाल्यावर बरोबर आले तर कमी पडतोय तो वेग, आणि त्यासाठी धडा परत वाचायची गरज नाही. तरीही चुकले, तर डेरिव्हेशनच्या त्या पायरीवर परत जायचं, अख्ख्या धड्यावर नव्हे. क्लासमध्ये तोच धडा दोन महिन्यांनी आला, तर जुनीच वही उघडायची आणि नवीन असेल तेवढंच समासात लिहायचं.

अकरावीच्या ४० गुणांचं काय?

खरी पंचाईत इथे आहे. हे ४० गुण बोर्डाला येत नाहीत, म्हणून मुलं ते परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीवर ढकलतात. ही सुट्टी मोठी नसते. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि पीसीएमची सीईटी १९ एप्रिलला. सायन्सचे पेपर मार्चमध्ये संपले, की हातात उरतो महिना-सव्वा महिना. त्यात पूर्ण सराव पेपरही सोडवायचे असतात.

सीईटीला अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीकच असतात, आणि त्यांतले बरेचसे बारावीच्या एखाद्या धड्याचा पाया आहेत. ते त्या धड्याच्या आधी दोन दिवस वाचले, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. अकरावीचा ‘साउंड’ बारावीच्या ‘सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज’आधी. ‘थर्मल प्रॉपर्टीज’ थर्मोडायनॅमिक्सआधी. केमिस्ट्रीत ‘रेडॉक्स’ इलेक्ट्रोकेमिस्ट्रीआधी आणि ‘हायड्रोकार्बन्स’ हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जआधी. गणितात ‘लिमिट्स’ डिफरन्सिएशनआधी, ‘स्ट्रेट लाइन’ पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सआधी. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनही बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशनच्या वेळी पुन्हा लागतंच.

‘ग्रॅव्हिटेशन’, ‘कॉम्प्लेक्स नंबर्स’ असे काही धडे मात्र कुठेच नीट जोडता येत नाहीत. तेवढेच दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा.

कुठे वेगळंच राहतं

प्रात्यक्षिकं, इंग्रजी आणि दुसरी भाषा यांचा सीईटीशी संबंध नाही. पण त्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागत असली, तरी बारावी उत्तीर्ण व्हावं लागतंच, शिवाय खुल्या गटाला संबंधित तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. जानेवारीत प्रिलिम सुरू झाल्या, की बहुपर्यायी सराव रोज अर्ध्या तासावर आणून बाकी वेळ लिहिण्याला द्यावा. जेईई मेन देणाऱ्यांचं गणित वेगळं आहे: तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात आणि पहिलं सत्र बोर्डाच्या आधी, जानेवारीतच येतं.

कळमन्याच्या त्या मुलीने आता दुसरी वही बंद केली आहे. तिची उरलेली कोरी पानं ती चुकलेल्या प्रश्नांसाठी वापरते. परवा विचारलं, तेव्हा त्यात ‘वेग’ अशी खूण केलेले ३१ आणि ‘पायरी’ अशी खूण केलेले १२ प्रश्न होते. त्या बारापैकी सात एकट्या ‘ऑसिलेशन्स’चे.